वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप

वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप ही समाश्रयणातील सहगुणकाची सार्थकता तपासण्याची एक संख्याशास्त्रीय पद्धत आहे. विदेतील नोंदी गाव, तालुका, शाळा, राज्य अशा समूहांमध्ये विभागलेल्या असतात आणि एकाच समूहातील नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात, तेव्हा ती वापरली जाते. समूहांची संख्या थोडी असताना नेहमीची समूहनिहाय प्रमाण त्रुटी फसवी ठरते. ही उणीव भरून काढण्यासाठी कॉलिन कॅमेरॉन, जोना गेलबाख आणि डग्लस मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली या पद्धतीचा पुरस्कार केला. तिचे मूळ असलेले वाइल्ड बूटस्ट्रॅपचे तंत्र त्याआधीचे असून त्याचा विकास जेफ वू (१९८६), रेगिना लिऊ (१९८८) आणि एनो मामेन (१९९३) यांच्या लेखनातून झाला.

'थोडे समूह' म्हणजे किती, याला एकच उत्तर नाही. समूह आकाराने सारखे असतील तर तीस-चाळीसही पुरतात. आकारात मोठी तफावत असेल तर शंभरही कमी पडू शकतात. या लेखात मात्र अगदी टोकाची स्थिती, म्हणजे पाचच समूह, विचारात घेतली आहे. जिल्हा पातळीवरील अभ्यासांत ती सहज उद्भवते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. तालुका हा समूह मानला, तर या जिल्ह्यापुरत्या कोणत्याही अभ्यासाला पाचापेक्षा अधिक समूह मिळणे शक्य नाही.

== समूह कोणता मानावा ==

पाच तालुक्यांऐवजी शेकडो गावे हेच समूह मानावेत, म्हणजे अडचण मिटेल, असा मोह येथे होतो. तो घातक आहे. सेनगाव तालुक्यात पावसाचा मोठा खंड पडला, तर तेथील बहुतेक गावांचे सोयाबीन एकदमच उतरते. तालुक्याची यंत्रणा, बाजारपेठ आणि कर्जवाटप यांचा परिणामही अनेक गावांवर एकत्र होतो. अशी गावे स्वतंत्र मानली की एकच बातमी अनेकांच्या तोंडून ऐकून तिला अनेक पुरावे म्हणण्यासारखे होते. प्रमाण त्रुटी खोटी लहान होते आणि नसलेला परिणाम सार्थ दिसू लागतो. म्हणून ज्या पातळीवर त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या आहेत ती पातळी समूह म्हणून घ्यावी लागते, मग समूह पाचच उरले तरी.

पाच समूहांतही समूहनिहाय प्रमाण त्रुटीचे सूत्र उत्तर देतेच. परंतु त्या सूत्रामागील सिद्धांत समूहांची संख्या अनंताकडे जाते असे गृहीत धरतो. पाचच समूहांतून काढलेली प्रमाण त्रुटी अस्थिर असते आणि बहुधा खऱ्यापेक्षा लहान येते. टी-मूल्य १.९६ च्या पुढे गेले की परिणाम सार्थ, हा नेहमीचा निकष येथे लावल्यास शून्य परिकल्पना खरी असतानाही ती पाच टक्क्यांपेक्षा बऱ्याच अधिक वेळा नाकारली जाते.

== कार्यपद्धती ==

टी-मूल्याची तुलना छापील कोष्टकाशी न करता, त्याच विदेतून निर्माण केलेल्या टी-मूल्यांच्या वितरणाशी करावी, ही या पद्धतीमागील कल्पना आहे. प्रथम मूळ विदेवरून सहगुणक आणि त्याचे समूहनिहाय टी-मूल्य काढतात. नंतर परिणाम शून्य आहे असे गृहीत धरून समाश्रयण पुन्हा केले जाते आणि त्यातून प्रत्येक नोंदीचा अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष व अंदाजित मूल्यांतील फरक, मिळतो. त्यानंतर प्रत्येक समूहासाठी नाणेफेक होते. छाप पडली तर त्या समूहातील सर्व अवशेष जसेच्या तसे राहतात. काटा पडला तर त्या सर्वांचे चिन्ह बदलते. असे अवशेष शून्य परिणामाच्या अंदाजित मूल्यांत मिळवले की नवी कृत्रिम विदा तयार होते आणि तिच्यावरून पुन्हा टी-मूल्य काढतात. हे अनेक वेळा केल्यावर, किती कृत्रिम टी-मूल्ये चिन्ह सोडून मूळ टी-मूल्याइतकी किंवा त्याहून मोठी आली, ते प्रमाण म्हणजे पी-मूल्य होय.

नाणेफेक नोंदीगणिक नव्हे, तर समूहागणिक होते, ही येथील कळीची गोष्ट आहे. सेनगावची सर्व गावे एकत्र उलटतात किंवा एकत्र जागेवर राहतात. त्यामुळे त्यांच्यातील परस्परसंबंध कृत्रिम विदेतही टिकून राहतो. +१ आणि −१ या समान शक्यतेच्या गुणकांना राडेमाखर भार म्हणतात.

== हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण ==

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत. समजा, पाचही तालुक्यांत काही गावांना पेरणीविषयी सल्ला देण्यात आला आणि तितक्याच गावांना दिला नाही. प्रत्येक तालुक्यात गावांची संख्या सारखी आहे. सल्ला मिळालेल्या गावांत सोयाबीनचे एकरी उत्पादन पुढीलप्रमाणे अधिक आले: सेनगाव ०.२ क्विंटल, औंढा नागनाथ ०.४, हिंगोली ०.६, कळमनुरी ०.८ आणि वसमत १.०.

सरासरी वाढ ०.६ क्विंटल, तिची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१४१ आणि टी-मूल्य ४.२४ येते. चार स्वातंत्र्यमात्रांच्या टी-वितरणानुसार पी-मूल्य सुमारे ०.०१३ आहे. पाचही तालुके एकाच दिशेला असल्याने निष्कर्ष पक्का वाटतो.

आता वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप लावून पाहू. पाच तालुक्यांच्या नाणेफेकीचे सगळे मिळून २ × २ × २ × २ × २ = ३२ निकाल संभवतात. पाचही छापा पडल्या तर मूळ विदाच परत मिळते, म्हणून टी-मूल्य पुन्हा ४.२४. पाचही काटे पडले तर −४.२४. उरलेल्या ३० निकालांत काही फरक धन व काही ऋण होतात, बेरीज घटते आणि टी-मूल्य लहान येते. म्हणजे ३२ पैकी दोनच निकाल मूळ टी-मूल्याची बरोबरी करतात आणि पी-मूल्य २/३२, म्हणजे ०.०६२५ येते.

हे पी-मूल्य याहून खाली जाऊच शकत नाही. पाचही तालुक्यांत उत्पादन दुप्पट झाले असते, तरी उत्तर ०.०६२५ हेच राहिले असते. पाच समूह आणि राडेमाखर भार यांच्या साहाय्याने दुतर्फी कसोटीत पाच टक्के पातळीवर काहीही सार्थ ठरवणे अशक्य आहे. 'परिणाम आढळला नाही' असा निष्कर्ष अशा अभ्यासातून काढला, तर तो सल्ल्याविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ तालुक्यांची संख्या सांगतो.

पी-मूल्याच्या पायऱ्याही मोठ्या आहेत. सेनगावचा फरक +०.२ ऐवजी −०.२ आला असता, तर टी-मूल्य २.५३ आणि टी-वितरणानुसार पी-मूल्य सुमारे ०.०६५ झाले असते. बूटस्ट्रॅपचे पी-मूल्य मात्र एकदम ४/३२, म्हणजे ०.१२५ वर गेले असते. कारण आता मूळ निकालाखेरीज केवळ सेनगावचे चिन्ह उलटवणारा निकाल आणि त्या दोहोंची प्रतिबिंबे मोजली जातात.

संपूर्ण मराठवाडा विभाग घेऊन आठ जिल्हे समूह मानले, तर २५६ निकाल मिळतात आणि किमान पी-मूल्य ०.००७८ पर्यंत उतरते. तीन समूहांच्या वाढीने एवढा फरक पडतो.

== वेब यांचे भार ==

या अडचणीवर मॅथ्यू वेब यांनी सहा मूल्यांचे भार सुचवले: ±√०.५, ±१ आणि ±√१.५. यात समूहाचे केवळ चिन्हच नव्हे, तर परिमाणही बदलते. पाच समूहांत आता ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७,७७६ निकाल संभवतात. वरील उदाहरणात पाचही भार एकाच चिन्हाचे असणारे निकाल ४८६, म्हणजे नेमके ६.२५ टक्के आहेत. एकाही तालुक्याचे चिन्ह वेगळे असेल तर पाच समूहांत टी-मूल्य ४ च्या वर जाऊ शकत नाही, हे थोड्या बीजगणिताने दाखवता येते. एकाच चिन्हाच्या ४८६ निकालांपैकीही काहींत मोठे फरक अधिक मोठे होतात, विखुरणे वाढते आणि टी-मूल्य ४.२४ च्या खाली राहते. त्यामुळे पी-मूल्य ०.०६२५ पेक्षा कमी येते.

तथापि वेब यांचे भार नवी माहिती निर्माण करत नाहीत. पाच आकड्यांत जेवढा पुरावा आहे तेवढाच राहतो. मोजपट्टीवरील रेघा तेवढ्या बारीक होतात. दहा-बाराहून अधिक समूह असल्यास राडेमाखर भारच सामान्यतः पुरेसे मानले जातात.

स्टाटा या संगणकप्रणालीत ही कसोटी boottest या आज्ञेने करता येते:

```
regress utpadan salla i.taluka, cluster(taluka)
boottest salla, reps(9999) weighttype(webb)
```

राडेमाखर भार निवडल्यास आणि संभाव्य निकाल मागितलेल्या आवर्तनांपेक्षा कमी असल्यास ही आज्ञा प्रत्येक निकाल एकेकदाच घेते. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीत असे होत नाही. ती ३२ निकालांतूनच ९,९९९ वेळा निवड करते आणि ०.०६११ किंवा ०.०६३८ असे नेमके भासणारे उत्तर देते. प्रत्येक वेळी आकडा ०.०६२५ च्या आसपास घुटमळत असेल, तर आवर्तने वाढवून उपयोग नाही हे ओळखावे. मूळ टी-मूल्याच्या बरोबरीचे निकाल न मोजता केवळ त्याहून मोठेच मोजल्यास याच विदेत पी-मूल्य शून्य येते. एवढ्या थोड्या समूहांत शून्य दिसले, तर प्रथम हा बारकावा तपासावा.

== मर्यादा ==

इव्हान कनाय, आंद्रेस सांतोस आणि अझीम शेख यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, समूहांची संख्या थोडी आणि स्थिर असतानाही ही पद्धत केव्हा विश्वसनीय ठरते, हे दाखवले. त्यासाठी प्रत्येक समूहात नोंदी पुष्कळ असाव्या लागतात आणि स्पष्टीकारक चलांची रचना समूहासमूहांत पुरेशी सारखी असावी लागते. वरील उदाहरणात प्रत्येक तालुक्यात सल्ला मिळालेली व न मिळालेली अशी दोन्ही प्रकारची गावे होती, म्हणून ही अट जवळपास पूर्ण होत होती.

योजना एकट्या सेनगाव तालुक्यात राबवली आणि उर्वरित चार तालुके तुलनेसाठी ठेवले, तर चित्र पालटते. जेम्स मॅकिनन आणि मॅथ्यू वेब यांनी दाखवले आहे की अशा वेळी पद्धतीचे दोन प्रकार परस्परविरुद्ध दिशांना चुकतात. परिणाम शून्य न धरता अवशेष काढले, तर समाश्रयण सेनगावची सरासरी तंतोतंत जुळवून घेते. तेथील अवशेषांची बेरीज शून्य होते, प्रमाण त्रुटी अवास्तव लहान येते आणि जवळपास काहीही सार्थ ठरते. परिणाम शून्य धरला, तर सेनगावचा सगळा वेगळेपणा अवशेषांत जातो. मूळ टी-मूल्य जितके मोठे, तितकी कृत्रिम टी-मूल्येही मोठी होतात आणि शून्य परिकल्पना जवळपास कधीच नाकारली जात नाही. एकाच विदेवर या दोन प्रकारांची पी-मूल्ये टोकाची वेगळी आली, तर हाच दोष असल्याची ती ठळक खूण असते.

राज्यस्तरीय धोरणांच्या अभ्यासातही हीच अडचण येते. हिंदू वारसा कायद्यात मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी १९९४ साली केली. या दोन राज्यांची इतर राज्यांशी तुलना करताना व्यक्तींच्या नोंदी हजारो असल्या, तरी राज्य हा समूह मानल्यास बदल झालेले समूह दोनच असतात.

अशा ठिकाणी यादृच्छिकीकरणावर आधारित कसोटी हा एक पर्याय आहे. तीत योजना दुसऱ्या एखाद्या तालुक्याला मिळाली असती तर किती फरक दिसला असता, हे प्रत्येक तालुका आळीपाळीने घेऊन मोजतात. पाच तालुक्यांपैकी एकालाच योजना मिळाली असेल, तर या कसोटीचे किमान पी-मूल्य १/५, म्हणजे ०.२ असते.