मोबाईलच्या पडद्यावरील नावाची पट्टी

मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पेडणे तालुक्यातील गावकरी त्या निमित्ताने चित्रफितींत बोलताना दिसतात. कोणी टॅक्सीचा मालक असतो, तर कोणी पठारावर जमीन गेलेला शेतकरी. तो काय बोलतो हे कानांना कळते; परंतु तो कोण आहे हे कळण्यासाठी पडद्याच्या तळाशी क्षणभर उमटणाऱ्या पट्टीवाचून दुसरा आधार नसतो. वृत्तवाहिन्यांतील मंडळी या पट्टीला ‘ॲस्टन’ म्हणतात. ते मुळात अशी अक्षरे उमटवणारी यंत्रे बनविणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचे नाव. आपल्याकडे ते वस्तूलाच चिकटले. ही पट्टी मोठ्या पडद्यासाठी जशी आखली जाते तशीच ती मोबाईलवर आली, तर तिचे काय होते हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम थोडे मोजमाप करावे. चित्रफितीची चौकट बहुधा १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच असते. मोबाईल उभा धरून ही आडवी चौकट पाहिली, तर तिला सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंदी मिळते आणि उंची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर ४० ठिपके उंच, चांगले ठसठशीत वाटणारे अक्षर मोबाईलवर सव्वा ते दीड मिलिमीटरचे होते. ४३ इंची दूरचित्रवाणीवर हेच अक्षर सुमारे दोन सेंटिमीटरचे असते. मात्र ते तीन मीटरांवरून पाहिले जाते, आणि मोबाईल एका हाताच्या अंतरावर असतो. डोळ्याला भासणारा आकार मोबाईलवर निम्म्याहून थोडा अधिक राहतो. फरक आहे, पण लोक समजतात तितका प्रचंड नाही. खरी हानी दुसऱ्याच ठिकाणी होते.

ती होते चित्र पाठविण्याच्या रीतीत. गावात इंटरनेटची जोडणी मंद असली की चित्रफीत १०८० ओळींऐवजी ३६० ओळींची होऊन येते. मूळचे तीन ठिपके मिळून एक ठिपका उरतो. तीस ठिपक्यांचे अक्षर दहा ओळींत मावावे लागते, आणि त्यावरचा अनुस्वार दीड ओळीचा होतो. दीड ओळीचा ठिपका म्हणजे एक करडा डाग. तो कधी दिसतो, कधी दिसत नाही.

रोमन लिपीचे येथे फारसे बिघडत नाही. तिच्या अक्षराचा एखादा कोपरा बोथट झाला तरी शब्द ओळखू येतो. देवनागरीचे बरेचसे काम शिरोरेषेच्या वरती चालते, आणि नेमका तोच भाग सर्वांत बारीक असतो. डिचोली तालुक्यात नार्वे नावाचे गाव आहे. पट्टीवरील रफार पुसला गेला की नार्वेचे ‘नावे’ होते, आणि तो शब्दही मराठीत अर्थपूर्ण असल्यामुळे वाचणाऱ्याला चुकल्याची शंकासुद्धा येत नाही. मांद्रेचे ‘माद्रे’ होते. ‘फर्नांडिस’ या आडनावात तर रफार व अनुस्वार दोन्ही एकाच अक्षरावर शेजारी शेजारी बसतात. दोहोंमधली फट बुजली की वर नुसता गोळा दिसतो. परब हे आडनावही असेच. ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ भरून गेली की ‘ब’ आणि ‘व’ यांत भेद उरत नाही. ज्या माणसाची जमीन गेली आणि ज्याची तक्रार पुण्यात किंवा आखातात बसलेले त्याचे नातलग पाहणार आहेत, त्याचे नाव असे पुसून जाणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

तेव्हा अक्षराची उंची मोजताना ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी आणि आडव्या चौकटीत ती चौकटीच्या विसाव्या हिश्शाहून कमी ठेवू नये. १०८० ओळींत हा हिस्सा ५४ ठिपक्यांचा होतो. मोबाईलवर अक्षर सुमारे १.८ मिलिमीटरचे दिसते आणि ३६० ओळींतही त्याला अठरा ओळी मिळतात. मात्रा, रफार यांसाठी वर आणि उकारासाठी खाली जागा लागते; म्हणून एका ओळीला एकंदर शंभर ठिपके धरावे लागतात. नावाखालच्या हुद्द्याच्या ओळीस ४० ठिपके पुरतात, कारण हुद्दा अर्धवट वाचला तरी माणूस चुकत नाही. टंक किंचित जाड घ्यावा, परंतु फार जाड घेऊ नये. अतिशय जाड टंकात ‘ध’, ‘भ’, ‘ब’ यांची पोटे आधीच अरुंद असतात. अक्षरांभोवती काळी कड काढण्याची चाल आहे, तिनेही हीच पोटे भरतात.

आकार ठरला की मजकुराकडे वळावे लागते, कारण मोठे अक्षर जागा मागते. देवनागरीत एक अक्षर साधारणपणे आपल्या उंचीइतकेच रुंद असते असे धरले, तर हिशेब सोपा होतो. ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मोपा, तालुका पेडणे’ या ओळीत २३ अक्षरे आहेत. शब्दांमधील जागा व स्वल्पविराम मिळून ती २८ अक्षरांइतकी भरते. ५४ ठिपक्यांच्या मापाने ही ओळ दीड हजार ठिपक्यांवर, म्हणजे चौकटीच्या तीन चतुर्थांशापलीकडे जाते. शिवाय ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दातील ‘ष्ट्री’ हे जोडाक्षर लहान पडद्याचा वैरी आहे. ष, त्याला ट, त्याला र आणि वर वेलांटी इतकी सामग्री एका अक्षराच्या जागेत कोंबलेली असते. अशा वेळी शब्द काटकसरीने निवडावे. गोव्यात दाबोळीचा आणि मोपाचा असे दोन विमानतळ असल्यामुळे प्रेक्षकाला कळायला हवे ते एवढेच, की हा मोपाचा. ‘मोपा विमानतळ’ असे लिहिले की आठ अक्षरांच्या जागेत, साडेचारशे ठिपक्यांच्या आत काम भागते. पूर्ण अधिकृत नाव निवेदकाने एकदा उच्चारावे. माणसाच्या नावाच्या बाबतीत मात्र अशी काटछाट करू नये. तेथे ओळ लांबली तर हुद्दा आखूड करावा.

पट्टीचा पार्श्वरंग हा पुष्कळांच्या हौसेचा विषय आहे. काचेसारखी अर्धपारदर्शक पट्टी दिसायला मोहक खरी. परंतु तिच्यातून मागचे चित्र हलताना दिसत राहते. चित्र आकुंचित करणाऱ्या यंत्रणेला ते हलणारे चित्र आणि त्यावरची अक्षरे अशी दोन्ही दर क्षणी नव्याने टिपावी लागतात आणि अक्षरांच्या कडा खरबरीत होतात. भरीव, एकरंगी पट्टी स्थिर असते. एकदा टिपली की पुढे तिच्यावर फारसे काही खर्चावे लागत नाही, आणि वाचलेले बळ अक्षरांना मिळते. रंगांचेही असेच आहे. चित्र पाठविताना उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण पाठवितात, रंगाचा तपशील मात्र आडवा-उभा निम्माच. म्हणून निळ्यावर तांबडी अक्षरे, दोहोंचा उजेड सारखाच असल्यामुळे, कडांना पाझरल्यासारखी दिसतात. गर्द निळ्यावर पांढरी किंवा काळ्यावर पिवळी अक्षरे ठाम राहतात. एखादी रंगजोडी पारखायची तर चित्र कृष्णधवल करून पाहावे. तेथे अक्षर उठून दिसले नाही तर ती जोडी टाकून द्यावी.

आता हालचालीविषयी. पट्टी सरकत यावी, अक्षरे एकामागून एक उमटावीत, असे सर्वांनाच वाटते. यात मराठीपुरता एक मोठा धोका आहे. पुष्कळ तयार नमुने रोमन लिपीसाठी आखलेले असतात आणि ते शब्दाचे सुटे सुटे तुकडे करून हलवितात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते व जोडाक्षरे फुटतात. भारतीय लिपींची जुळणी संगणकाच्या कार्यक्रमात चालू नसेल, तर न हलणारा मजकूरही असाच बिघडतो. खूण सोपी आहे. ‘विमानतळ’ या शब्दाची ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी न दिसता नंतर दिसू लागली, किंवा जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे आली, तर जुळणी बंद आहे असे समजावे. अक्षरांमधील अंतर वाढविण्याची फॅशनही येथे चालत नाही, कारण अंतर वाढले की शिरोरेषेला खिंडारे पडतात.

दुसरा बिघाड झाकणीचा. अक्षरे एका अदृश्य खिडकीतून वर येत आहेत असा देखावा करतात, तेव्हा ती खिडकी रोमन अक्षरांच्या मापाची असली तर वरच्या मात्रा कापल्या जातात. ‘मोपा’ची मात्रा कापली की पडद्यावर ‘मापा’ उरते. संगणकावर काम करणाऱ्याच्या हे चटकन ध्यानात येत नाही, कारण त्याला शब्द आधीच ठाऊक असतो. खिडकी शंभर ठिपक्यांच्या पूर्ण ओळीइतकी उंच करावी, हाच त्यावर उपाय.

सर्वांत निर्धोक रीत अशी: दृश्य बदलल्यावर अर्धा ते एक सेकंद थांबावे, कारण नवे दृश्य आले की मंद जोडणीवर चित्र क्षणभर धूसर असते. मग कोरी पट्टी सुमारे अर्ध्या सेकंदात सरकत यावी. ती थांबल्यानंतर अक्षरे जागच्या जागी उजळावीत. सरकणारी अक्षरे कोणी वाचत नाही, आणि मंद जोडणीत ती फरफटल्यासारखी दिसतात. नाव व हुद्दा सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईल इतका वेळ पट्टी स्थिर ठेवावी. बहुधा पाच-सहा सेकंद लागतात. जाताना अक्षरे व पट्टी दोन्ही एकदम मावळली तरी चालते.

पट्टीची जागा चौकटीच्या अगदी तळाशी नसावी. बोट लागताच तेथे काळदर्शक रेघ व बटणे उगवतात, आणि संवादाच्या ओळी चालू असतील तर त्याही तेथेच येतात. तळापासून दहावा हिस्सा तरी मोकळा सोडावा. उभ्या चित्रफितींत उजवीकडे बटणांची रांग आणि खाली मजकूर असतो, म्हणून पट्टी तेथे बरीच वर, डावीकडे न्यावी लागते. उभ्या चौकटीत १०८० ठिपकेच पडद्याची सगळी रुंदी व्यापतात, त्यामुळे ५४ ठिपक्यांचे अक्षर तेथे तीन मिलिमीटरांहून मोठे होते. पण ओळीत जेमतेम सोळा अक्षरे मावतात. तेव्हा आडव्या चौकटीची पट्टी उचलून उभीत चिकटविण्याऐवजी अक्षर ४० ठिपक्यांवर आणावे आणि नाव व हुद्दा दोन ओळींत मांडावेत.

शेवटची तपासणी संगणकावर होऊ शकत नाही. तयार चित्रफीत एका स्वस्त मोबाईलवर ३६० ओळींत लावावी, भर उन्हात अंगणात जाऊन हात लांब करून धरावी, आणि ती नावे ज्याने पूर्वी कधी पाहिलेली नाहीत अशा माणसाकडून वाचून घ्यावी. परीक्षेसाठी नार्वे, मांद्रे, परब, फर्नांडिस हे चार शब्द पुरेसे आहेत. वाचणारा ‘नावे’ म्हणाला तर रंग किंवा हालचाल यांच्या नादी न लागता आधी अक्षर पाच ठिपक्यांनी वाढवावे आणि पुन्हा उन्हात जावे.