सूर्य उगवला नाही तर…

शाळेत असताना ‘सूर्य उगवला नाही तर’ या विषयावर मी निदान तीन वेळा निबंध लिहिला असेन. आधी शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद, मग सुकलेली झाडे, मग उपाशी गुरे आणि माणसे, आणि शेवटी सारी सृष्टी नष्ट, असा त्याचा ठरलेला क्रम असे. गुरुजी खाली ‘छान’ असा शेराही देत. परंतु मध्यंतरी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीविषयी वाचनात आले आणि माझ्या निबंधाचा शेवट चुकला होता अशी शंका मनात आली. त्या शंकेचा मी जो पाठपुरावा केला, तो येथे मांडतो आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानशाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम समुद्राच्या तळाशी जाऊ. १९७७ साली ‘अल्विन’ नावाच्या छोट्या पाणबुडीतून काही शास्त्रज्ञ गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरले. तेथे जमिनीच्या भेगांतून कोमट पाणी वर येत होते आणि त्याभोवती शिंपले व लांबलचक नळीकृमी यांची दाट वस्ती होती. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे धुराड्यांसारखी काळे पाणी ओकणारी मुखे सापडली. त्या पाण्याचे तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. वरच्या समुद्राचा दाब इतका प्रचंड, की एवढे तापूनही त्याची वाफ होत नाही. अर्थात त्या ३५० अंशांत कोणी जगत नाही. जीव राहतात ते धुराड्याच्या कडेला, जेथे हे पाणी थंड समुद्रात मिसळते तेथे. आजवर माहीत असलेली उच्चांकी मर्यादा १२२ अंशांची आहे. हिंदी महासागराच्या तळावरून आणलेला एक सूक्ष्मजीव त्या तापमानात, दाबाखाली वाढताना प्रयोगशाळेत पाहिला गेला, हे २००८ साली प्रसिद्ध झाले.

नळीकृमीला तोंड नाही आणि आतडेही नाही. त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू भेगेतून येणारा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, ऑक्सिजनशी संयोग घडवून वापरतात आणि त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर स्वतःचे व कृमीचे पोट भरतात. येथे सूर्यप्रकाश कोठेच नाही, म्हणून ही सूर्यावाचूनची सृष्टी असे आपण म्हणून मोकळे होऊ. पण जरा थांबावे लागते. तो ऑक्सिजन आला कोठून? तो वरच्या जगातल्या हिरव्या वनस्पतींनी आणि शेवाळांनी सूर्यप्रकाशात तयार केला आणि समुद्राच्या प्रवाहांबरोबर खाली पोचला. म्हणजे नळीकृमीचा एक धागा सूर्याशी बांधलेलाच आहे. माझा निबंध अजून पुरता खोटा ठरला नव्हता!

आता त्या खाणीकडे वळू. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला एम्पोनेंग नावाची खाण आहे. तेथे २.८ किलोमीटर खोलीवर, खडकातल्या एका चिरेतून साठ अंशांहून उष्ण पाणी निघत होते. संशोधकांनी ते सुमारे ५६०० लिटर गाळले आणि गाळणीवर उरलेल्या जीवांचा आनुवंशिक मजकूर वाचला. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला: त्यातले ९९.९ टक्क्यांहून अधिक जीव एकाच जातीचे होते. त्या जातीचे नाव ठेवताना संशोधकांना ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातील प्रवासाच्या कादंबरीतला लॅटिन संदेश आठवला. ‘ऑडॅक्सव्हायेटर’, म्हणजे धाडसी वाटसरू.

हा वाटसरू खातो काय? त्या खडकात युरेनियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात. त्यांची किरणे चिरेतल्या पाण्याचे रेणू फोडतात आणि हायड्रोजन सुटतो. त्याच फुटण्यातून निघालेली इतर तीव्र द्रव्ये खडकातल्या गंधकाच्या खनिजावर क्रिया करून सल्फेट बनवतात. हायड्रोजन आणि सल्फेट यांची गाठ घालून देणे आणि त्यातून निघणाऱ्या शक्तीवर जगणे, हा या जीवाणूचा व्यवसाय. म्हणजे ताटातले दोन्ही पदार्थ खडकानेच वाढलेले. कार्बन आणि नायट्रोजन निर्जीव द्रव्यांतून घेऊन आपले शरीर बांधण्याची जनुकेही त्याच्यापाशी आहेत. जेवण मात्र इतके तुटपुंजे, की एका पेशीच्या दोन व्हायला तेथे दशके किंवा शतके लागत असावीत असा अंदाज आहे.

येथे कोणीही विचारील, की खाणीत माणसे वावरतात, यंत्रे चालतात, पाणी खेळवले जाते. हा जीवाणू त्यांच्याबरोबर वरून आला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. म्हणून चिरेतले पाणी आणि खाणीत वापरायचे पाणी यांची क्षारांवरून व जीवांवरून तुलना करतात. शिवाय पाण्यात साठलेल्या हेलियमसारख्या वायूंवरून ते किती काळ कोंडलेले आहे हेही कळते. या भागातल्या चिरांमधले पाणी लक्षावधी वर्षे बाहेर आलेले नाही. आपल्या कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले, आणि तेथील बेसाल्ट व ग्रॅनाइटच्या नमुन्यांतही सूक्ष्मजीवांचा शोध घेतला गेला आहे. तेथेही खणताना वापरलेल्या चिखलातले जीव कोणते आणि खडकातले कोणते, हे वेगळे करणे ही पहिली पायरी होती.

आता थेट शनीच्या अंगणात जाऊ. त्याचा एन्सेलॅडस हा चंद्र अवघ्या पाचशे किलोमीटर व्यासाचा, बर्फाने मढलेला. त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे उडतात, हे ‘कॅसिनी’ यानाने २००५ साली दाखवले. बर्फाखाली समुद्र आहे. २०१५ साली यान त्या फवाऱ्यातून गेले आणि त्यात हायड्रोजन सापडल्याचे २०१७ साली जाहीर झाले. येथेही तीच शंका आली, की बर्फाचे कण यंत्राच्या धातूच्या भिंतीवर आदळूनच हायड्रोजन निघाला नसेल ना? म्हणून मोजणी अशा पद्धतीने केली, की फवाऱ्यातला वायू भिंतीला न लागता सरळ आत यावा. फवाऱ्यात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही आहेत. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून जगणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत. १२२ अंशांचा तो उच्चांक अशाच एकाच्या नावावर आहे.

मग तेथे जीव आहेत का? मला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट हीच. हायड्रोजन म्हणजे शिजवून ठेवलेले अन्न. ते एवढे शिल्लक आहे याचा अर्थ खाणारा कोणी नाही, असाही होऊ शकतो! गरम पाणी आणि खडक यांच्या क्रियेतून मिथेन जीवावाचूनही बनतो. शिवाय आपल्या वाटसरूचे पूर्वज केव्हातरी वरूनच खाली उतरले असावेत, असे मानले जाते. अंधारात जगता येते एवढे त्याने सिद्ध केले. अंधारात जन्म घेता येतो का, हे त्याच्यावरून कळत नाही. तेव्हा एन्सेलॅडसवर ताट मांडलेले आहे, पाहुणा आला आहे की नाही हे ठाऊक नाही, इतकेच आज म्हणता येते.

असो. माझ्या निबंधातली झाडे, गुरे आणि माणसे सूर्यावाचून जातीलच, नळीकृमीही कालांतराने जाईल. पण शेवटचे वाक्य मला बदलावे लागेल. सूर्य उगवला नाही, तरी एम्पोनेंगच्या खडकात, पावणेतीन किलोमीटर खाली, एक जीवाणू आपले जेवण चालूच ठेवील आणि वर काही घडले याची त्याला बराच काळ खबरही नसेल.