कामगिरीचं पत्र कसं असावं?

'तुमचं काम समाधानकारक नाही, सुधारणा करा.' असं एका ओळीचं पत्र हाती पडलं की कर्मचारी धास्तावतो. पण नेमकं काय सुधारायचं, ते त्याला कळत नाही.

समजा, एका कंपनीच्या बिलिंग विभागातल्या कर्मचारी बाईंना असं पत्र द्यायचं आहे. चांगलं पत्र म्हणतं, 'जूनमध्ये तुम्ही केलेल्या 400 बिलांपैकी 36 बिलं चुकीच्या जीएसटी दरामुळे परत आली. 5 जुलैला आपलं याविषयी बोलणं झालं.' त्यात 'निष्काळजी' हा शब्द नसतो. आकडा दोघांनाही तपासता येतो, स्वभावावरचा शेरा तपासता येत नाही.

बाईंचं म्हणणंही पत्रात नोंदवलेलं असतं : नव्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण त्यांना मिळालंच नव्हतं. मग दोघांच्या संमतीने ठरतं, की कंपनी दोन दिवसांचं प्रशिक्षण देईल, वरिष्ठ दर शुक्रवारी त्यांच्यासोबत बसून चुका पाहतील, ऑगस्टमध्ये परत येणारी बिलं 8च्या वर जाणार नाहीत आणि 2 सप्टेंबरला आढावा होईल.

प्रशिक्षणच लांबलं, तर आढावाही पुढे ढकलायला हवा.

असं पत्र म्हणजे गैरवर्तनाचं आरोपपत्र नव्हे. मजकूर पटला नसेल, तर 'पत्र मिळालं, मजकूर मान्य नाही' असं लिहून सही करावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.