आजी-आजोबांसोबत वाढदिवस? आधी एक फोन

मुलाचा वाढदिवस वृद्धाश्रमात करायचा, तर आठवडाभर आधी व्यवस्थापकांना फोन करावा. पहिला प्रश्न वेळेचा. दुपारच्या जेवणानंतर बरेच जण आडवे होतात आणि रात्रीचं जेवण, गोळ्या लवकर असतात. म्हणून 4 ते 5.30 ही वेळ बहुधा सोयीची. त्या दिवशी दुसरं कुटुंब येणार नाही ना, तेही विचारावं, नाहीतर एकाच संध्याकाळी दोन केक कापले जातात.

दुसरा प्रश्न खाण्याचा. कुणाला मधुमेह, कुणाला दात नाहीत. मऊ उपमा आणि पिकल्या पपईच्या फोडी बहुतेकांना चालतात. केकचा तुकडा मात्र विचारूनच द्यावा.

भेट म्हणून शाली सगळेच आणतात. कमी पडतात ते मोठ्यांचे डायपर. तेही माप विचारून घ्यावेत.