‘लायसन्सची १०० टक्के गॅरंटी’ : ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिरातीत खरं तर काय असायला हवं?

‘१५ दिवसांत कार शिका. लायसन्सची १०० टक्के गॅरंटी. आजच फोन करा.’

अशी जाहिरात तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला, रीलमध्ये किंवा रिक्षाच्या मागे कधी ना कधी पाहिलीच असेल. वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, मजकूर साधारण सारखाच असतो. खाली एक चकाचक गाडी आणि मोबाइल नंबर.

पण पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्या माणसाला ही जाहिरात पाहून धीर येतो का? त्याच्या डोक्यात तर वेगळेच प्रश्न असतात. साहेबांसमोर गाडी बंद पडली तर? चढावर मागे घसरली तर? आणि नापास झालो, तर मंगरूळपीर किंवा मानोऱ्याहून वाशिमच्या आरटीओत पुन्हा यायचं म्हणजे कामाचा आणखी एक दिवस मोडणार.

या भीतीला ‘गॅरंटी’ हे उत्तर नाही. मग उत्तर काय आहे? त्यासाठी आपण इथे ४५ सेकंदांच्या जाहिरातीची एक स्क्रिप्टच लिहून बघू. त्याआधी वरच्या जाहिरातीत चुकतंय काय, ते समजून घेऊ.

१५ दिवस आणि गॅरंटी, दोन्हीत गडबड

ड्रायव्हिंग स्कूल कसं चालवायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलेलं आहे. कारसारख्या खासगी वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात शिकणाऱ्याने प्रत्यक्ष गाडी किमान १० तास चालवावी, असं नियम ३१ सांगतो. म्हणजे ‘१५ दिवसांत’ ही पहिलीच ओळ नियमात बसत नाही.

आता दुसरी ओळ. पक्कं लायसन्स द्यायचं की नाही, हे चाचणी घेणारा मोटार वाहन निरीक्षक ठरवतो. स्कूलच्या हातात तो निर्णयच नाही. मग जी गोष्ट आपल्या हातात नाही, तिची गॅरंटी कशी देणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशी दिशाभूल करणारी जाहिरात दिली, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

इथे तुम्ही म्हणाल, ‘पण आता ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार, असा मेसेज आला होता की!’ आला होता. १ जून २०२४ पासून आरटीओची चाचणी बंद, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने खुलासा केला की नियमात काहीच बदललेलं नाही. चाचणीतून सूट मिळते ती फक्त ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रा’तून उत्तीर्ण झालेल्यांना. या केंद्रांचे नियम जुलै २०२१ पासून लागू आहेत. सपाट भागात अशा केंद्राला दोन एकर जागा लागते आणि तिथला कारचा कोर्स २९ तासांचा असतो. त्यांनाही लायसन्स छापून देता येत नाही. ते प्रमाणपत्र देतात, लायसन्स आरटीओच देतं. गल्लीतल्या नेहमीच्या स्कूलमध्ये शिकलात, तर चाचणी द्यावीच लागते.

भीती नेमकी कशाची?

चाचणीत काय बघतात, याची यादी नियम १५ मध्ये आहे. आरसे नीट लावणे, इंजिन सुरू करण्याआधीची काळजी, गाडी झटका न देता पुढे नेणे, गिअर बदलणे, डावी-उजवी वळणं, आरशात पाहून मग इशारा देणे, रिव्हर्स घेणे. यातलं एक वाक्य मात्र नवख्यांच्या पोटात गोळा आणतं : चढावर गाडी थांबवायची आणि अजिबात मागे न घसरता पुन्हा पुढे न्यायची.

घाबरल्यावर पाय आखडतो आणि क्लच एकदम सुटतो. मग काय होतं, हे कळायला क्लचचं काम माहीत हवं. इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाऊ द्यायची की अडवायची, हे क्लच ठरवतो. पूर्ण दाबला की इंजिन आणि चाकं वेगळी. हळूहळू सोडत आणला की मध्ये एका जागी ताकद चाकांना मिळायला लागते. यालाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो.

ही जागा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला ऐकू येते. इंजिनवर भार आला की आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते आणि बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवायचा, थोडा रेस द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जाण्याचं कारण उरत नाही.

चूक कुठे झाली, हेही गाडीच सांगते. ती मागे घसरली, तर हाफ क्लचची जागा येण्याआधीच हँडब्रेक सुटला. झटका देऊन बंद पडली, तर क्लच त्या जागेच्या पुढे सुटला किंवा रेस कमी पडला. दोन चुका, दोन वेगळ्या खुणा. एवढं समजलं की ‘मला जमतच नाही’ याऐवजी ‘माझा हँडब्रेक लवकर सुटतो’ असं नेमकं वाक्य हातात येतं. त्यावर सराव करता येतो.

आता स्क्रिप्ट

*(हलका चढ. एल लावलेली गाडी उभी. स्टिअरिंगवर ताई, बाजूला शिकवणारे सर.)*

ताई : सर, मले लय भेव वाटते. गाडी मागं गेली तं?

सर : ताई, माह्या पायाखाली बी ब्रेक हाये. हँडब्रेक ओढा.

ताई : ओढला.

सर : पयला गिअर. आता क्लच हळूहळू सोडा. आवाज बदलला का?

ताई : हो… जड झाला.

सर : पाय तिथंच ठेवा. थोडा रेस द्या. आता सोडा हँडब्रेक.

*(गाडी सावकाश पुढे जाते.)*

ताई : गेली न पुढं!

निवेदक : चाचणीत चढावर हेच बघतात. आमच्याकडे २१ दिवस आणि स्टिअरिंगवर तुमचे स्वतःचे १० तास. लायसन्स आरटीओ देतं, तयारी आम्ही करून घेतो.

या ओळी अशाच का?

ताई पहिल्याच वाक्यात भीती बोलून दाखवते. तीही वऱ्हाडीत, कारण वाशिममध्ये घाबरलेला माणूस छापील मराठीत घाबरत नाही. आणि सर ‘घाबरू नका’ असं म्हणत नाहीत. हे वाक्य कुणीही म्हणू शकतं आणि त्याने भीती जात नाही. ते एक माहिती देतात : माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. प्रशिक्षणाच्या कारला असं दुहेरी नियंत्रण असणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे हा धीर खरा आहे, स्कूलची मेहेरबानी नाही.

मधला भाग मुद्दाम कृतीचा ठेवला आहे. रील बघणाऱ्याला ‘आवाज जड होतो’ ही खूण फुकटात मिळते. स्कूलमध्ये नाव घातलं नाही, तरी ती त्याच्याकडे राहते. आपल्याला शिकवणारा माणूस शांतपणे, एकेक पायरी सांगतो की ओरडतो, हेही त्याच वीस सेकंदांत दिसतं.

शेवटच्या ओळीत आकडे आहेत आणि ते तपासता येतात. समजा, एका तासाच्या बॅचमध्ये चार जण एकाच गाडीत बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला रोज १५ मिनिटं येतात. २१ दिवसांची बेरीज होते ३१५ मिनिटं, म्हणजे सव्वापाच तास. नियमातल्या १० तासांच्या जवळपास निम्मे. १० तास पूर्ण करायचे, तर २१ दिवस रोज साधारण अर्धा तास स्टिअरिंग आपल्या हातात हवं. जाहिरातीत ‘तुमचे स्वतःचे’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. कुणी किती वेळ गाडी चालवली, याचं रजिस्टर स्कूलला फॉर्म १५ मध्ये ठेवावं लागतं. तुमची नोंद तिथे बघायला मागा.

नापास झालो तर?

हे जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण भीतीचं मूळ इथेच असतं. नियम १५ च्या यादीत ‘इंजिन बंद पडलं की नापास’ असं वाक्य नाही. बंद पडलं, तर क्लच-ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुन्हा सुरू करा आणि आरशात पाहून निघा. घाईघाईत हँडब्रेक न ओढता चावी फिरवली, तर गाडी मागे जाते आणि साहेबांच्या नजरेत तेच भरतं. काही शहरांत मात्र कॅमेरे आणि सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर चाचणी होते, तिथली गुण देण्याची पद्धत वेगळी असू शकते. म्हणून आपल्या मैदानावर काय-काय करून घेतात, हे आधीच विचारून ठेवा.

तरीही नापास झालात, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ नुसार सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. फेरचाचणीचं केंद्रीय नियमातलं शुल्क प्रत्येक वाहनप्रकाराला ३०० रुपये आहे. तीनदा नापास झालात, तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

यातच वेळेचं गणितही आहे. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर किमान ३० दिवस पक्क्या चाचणीला बसता येत नाही, आणि लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते. २१ दिवसांचं प्रशिक्षण त्या पहिल्या ३० दिवसांत आरामात बसतं. लर्निंग मिळाल्याच्या आठवड्यातच शिकायला लागून ३१व्या-३२व्या दिवशी चाचणीला गेलात आणि नापास झालात, तरी मुदत संपायला बरेच महिने हातात राहतात. पाचव्या महिन्याच्या शेवटी पहिली चाचणी दिली, तर त्याच सात दिवसांचं ओझं वाटायला लागतं.

म्हणून पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली की फोन करून तीनच गोष्टी विचारा. गाडीत एका वेळी किती जण असतात? स्टिअरिंगवर माझे एकूण तास किती होतील? चढावरचा सराव कितव्या दिवशी घेता? उत्तरं आकड्यांत आली, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही. ‘त्याचं टेन्शन घेऊ नका, लायसन्स आपलंच आहे’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा.