रात्री दोनच्या कामाची हजेरी

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने डेटाबेसचं फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ज्या संकेतस्थळावर ठेवतात, त्याचा हा डेटाबेस. त्याचे सर्व्हर दोन होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल ठेवणारा. नकलेत बिघाड झाला होता, म्हणून तिथला डेटा काढून नव्याने भरायचा होता. आज्ञा मात्र मुख्य सर्व्हरवर गेली. क्षणभरातच ते ध्यानात आलं आणि काम थांबवलं गेलं, पण तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

अशा वेळी बॅकअप कामी यायचा असतो. गिटलॅबमध्ये रोज एकदा डेटाबेसची प्रत काढून ॲमेझॉनच्या साठवणीत पाठवणारं काम लावलेलं होतं. ती साठवण उघडली तर रिकामी होती. प्रत काढणारा `pg_dump` हा प्रोग्रॅम 9.2 आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस होता 9.6 चा. आपल्याहून नव्या आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत काढायला `pg_dump` नकार देतो. म्हणजे काम वेळेवर सुरू होई आणि चूक दाखवून लगेच संपे. अपयशाची ईमेलही निघत होती. पण ईमेल खरी कुणाकडून आली हे तपासणाऱ्या डीमार्क या व्यवस्थेत त्या ईमेल बसत नव्हत्या, त्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर त्या परत लावत होता.

कंपनी वाचली ती वेगळ्याच प्रतीमुळे. एका अभियंत्याने चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी डिस्कची प्रत हाताने काढून ठेवली होती. तिच्यावरून सगळं उभं करायला सुमारे 18 तास लागले. मधल्या सहा तासांतले अंदाजे 5,000 प्रकल्प, तेवढ्याच टिप्पण्या आणि 700 नवी खाती कायमची गेली. गिटलॅबने हा सगळा वृत्तांत पुढे स्वतःहून, कारणांसकट जाहीर केला. ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं ज्यांच्या हाताखाली आहेत, त्या प्रत्येकाने तो वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. आज्ञा चुकीच्या सर्व्हरवर गेली ती एका रात्री, पण बॅकअप त्याआधीच बंद पडला होता आणि ते कुणाच्याही कानावर गेलं नव्हतं.

अशी कामं चालवणारा सर्वांत जुना आणि आजही सर्वत्र आढळणारा प्रोग्रॅम म्हणजे क्रॉन. 1979 च्या युनिक्समध्ये तो होता, आणि आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर त्याचाच वंशज चालतो. तो दर मिनिटाला जागा होतो, वेळापत्रकाची फाइल पाहतो आणि ज्या ओळीची वेळ झाली असेल ती आज्ञा चालवतो. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. `0 2 * * *` म्हणजे रोज रात्री दोन वाजता. क्रॉनचं काम आज्ञा सुरू करून देण्यापुरतंच आहे. आज्ञेने काही छापलं तर तो ते ईमेलने पाठवतो. आज्ञा अपयशी ठरली पण तिने काहीच छापलं नाही, तर सहसा ईमेलही जात नाही. सर्व्हर दोन वाजता बंद असेल, तर ती फेरी चुकते आणि सकाळी सर्व्हर सुरू झाला तरी क्रॉन ती भरून काढत नाही.

आता एक साधं उदाहरण घेऊ. समजा एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर `sanstha` नावाचा डेटाबेस आहे आणि रोज रात्री त्याची प्रत काढायची आहे. बहुतेक जण `pg_dump sanstha | gzip > backup.sql.gz` एवढंच लिहून मोकळे होतात. यात दोन प्रोग्रॅम जोडलेले आहेत: पहिला प्रत काढतो, दुसरा ती दाबून लहान करतो. पहिला कोसळला तरी दुसरा मिळालेली रिकामी सामग्री इमानाने दाबतो आणि ‘काम यशस्वी’ असं सांगून संपतो. फाइल तयार होते, तिच्यावर तारीखही बरोबर असते, पण आकार असतो 20 बाइट्स. फोल्डरवर वरवर नजर टाकणाऱ्याला बॅकअप घेतलेला दिसतो. म्हणून हे काम स्वतंत्र फाइलीत, असं लिहावं:

```
#!/bin/bash
set -euo pipefail
f="/backup/sanstha-$(date +%F).sql.gz"
echo "$(date '+%F %T') start"
pg_dump sanstha | gzip > "$f.tmp"
size=$(stat -c %s "$f.tmp")
echo "$(date '+%F %T') size=$size"
test "$size" -gt 50000000
mv "$f.tmp" "$f"
curl -fsS -m 10 --retry 3 "$HAJERI_URL"
```

दुसऱ्या ओळीतलं `pipefail` जोडीतल्या कुणाचंही अपयश लपू देत नाही, आणि तिथलंच `-e` चूक झाली की पुढच्या ओळी चालू देत नाही. प्रत आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते. ती पाच कोटी बाइट्सपेक्षा, म्हणजे साधारण 50 मेगाबाइटपेक्षा मोठी असेल तरच तिला खरं नाव मिळतं. हा आकडा आपल्या नेहमीच्या प्रतीच्या आकाराच्या थोडा खाली ठेवायचा. सुरू झाल्याची वेळ आणि आकार नोंदवणाऱ्या ओळी नुसत्या शोभेच्या नाहीत. सहा महिन्यांपूर्वी दहा मिनिटांत होणारं काम आता पन्नास मिनिटं घेतंय, किंवा रोज वाढणारा आकार मंगळवारी अचानक निम्मा झालाय, हे त्या नोंदींतूनच कळतं.

क्रॉनच्या फाइलीतली ओळ अशी:

```
0 2 * * * flock -n /run/lock/backup.lock timeout 3h /usr/local/bin/backup.sh >> /var/log/backup.log 2>&1
```

शेवटच्या भागामुळे सगळी नोंद एका फाइलीत जाते. ते चांगलंच आहे, पण त्याचा एक परिणाम आधी ओळखून ठेवायला हवा. छापलेलं सगळं फाइलीत गेलं की क्रॉनला ईमेल करण्यासारखं काही उरत नाही. नोंदी ठेवायला लागल्या दिवसापासून अपयशाची ईमेल बंद होते.

म्हणूनच अपयशाची खबर मिळण्यावर विसंबण्यापेक्षा यश न कळल्यावर आरडाओरडा व्हावा, अशी सोय लागते. वरच्या फाइलीतली शेवटची ओळ तेच करते: काम पूर्ण झालं की ते एका पत्त्यावर हजेरी लावतं. पलीकडे हजेरीपट सांभाळणारी सेवा असते. तिला सांगून ठेवायचं की दिवसातून एकदा हजेरी यायला हवी आणि तासाभराचा उशीर चालेल. तेवढ्यात हजेरी लागली नाही, तर ती फोनवर इशारा पाठवते. हेल्थचेक्ससारख्या सेवा हेच करतात, आणि त्यांचा प्रोग्रॅम खुला असल्याने तो स्वतःकडेही बसवता येतो. फक्त तो बॅकअपच्याच सर्व्हरवर बसवू नये, नाहीतर सर्व्हर पडला की हजेरी घेणाराही त्याच्याबरोबर पडतो. ही पद्धत कारण विचारत बसत नाही. आवृत्ती जुळली नाही, डिस्क भरली, वीज गेली, कुणी क्रॉनची ओळच पुसली, काहीही झालं तरी हजेरी येत नाही आणि इशारा जातो. गिटलॅबमध्ये अशी सोय असती, तर पहिल्या फसलेल्या रात्रीनंतरच कळलं असतं.

ओळीत आलेलं `flock` एका वेगळ्या धोक्यासाठी आहे. आधीची फेरी संपली की नाही, हे क्रॉन पाहत नाही. रात्रीच्या बॅकअपला चोवीस तास मिळतात, पण खातेदारांना एसएमएस पाठवणारं काम दर पाच मिनिटांनी लावलेलं असेल आणि महिनाअखेरीला त्याला सात मिनिटं लागली, तर दोन फेऱ्या एकाच वेळी चालतात. दोघीही ‘न पाठवलेले’ संदेश शोधतात, दोघींना तेच सापडतात आणि खातेदाराला एकच संदेश दोनदा जातो. व्याज जमा करणाऱ्या कामाचं असं झालं तर गोष्ट पैशावर येते. `flock -n` आधी एका फाइलीवर कुलूप लावतं. ते आधीच लागलेलं असेल, तर नवी फेरी सुरूच होत नाही. मात्र एखादी फेरी अडकून पडली तर कुलूप तसंच राहतं आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या दारातून गुपचूप परततात. त्यासाठी `timeout 3h`, म्हणजे तीन तासांनी अडकलेलं काम बंद केलं जातं.

हे कुलूप एकाच सर्व्हरपुरतं असतं. दोन सर्व्हरवर तेच वेळापत्रक असेल, तर अडवणूक डेटाबेसमध्येच करावी लागते. व्याजाच्या नोंदींच्या तक्त्यात खाते क्रमांक आणि महिना ही जोडी एकदाच येऊ शकेल असं बंधन घातलं, की काम दोनदा चाललं तरी दुसरी नोंद डेटाबेस स्वीकारत नाही.

क्लाउड कंपन्यांची तयार वेळापत्रक सेवा घेतली तरी हे बंधन लागतंच. ॲमेझॉनची इव्हेंटब्रिज शेड्युलर ही सेवा काम ‘किमान एकदा’ पोचवण्याची हमी देते, म्हणजे क्वचित ते दोनदाही पोचू शकतं. पोचवता आलं नाही, तर ती आपणहून चोवीस तासांत 185 पर्यंत प्रयत्न करते. एकुलत्या सर्व्हरवरच्या क्रॉनला हे जमत नाही, आणि या सेवेसाठी पैसे मोजण्याचं ते चांगलं कारण आहे. पण तिच्या लेखी यश म्हणजे काम पोचलं. ते पुढे पूर्ण झालं की अर्ध्यावर कोसळलं, हे तिला माहीत नसतं. हजेरीची ओळ तिथेही लिहावीच लागते.

अशा सेवेचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष जाणवतो. भाड्याचे बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेले असतात. रोजच्या कामाला `30 20 * * *` लिहून भागतं. रविवारी रात्री दोनच्या कामासाठी शनिवार लिहावा लागतो. पण ‘दर महिन्याच्या 1 तारखेला रात्री दोन’ हे क्रॉनच्या पाच रकान्यांत मांडताच येत नाही, कारण तिथे तेव्हा आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस असतो, कधी 28 तर कधी 31. क्लाउडच्या सेवांत प्रत्येक कामाला `Asia/Kolkata` अशी वेळ जोडता येते. स्वतःचा सर्व्हर असेल तर त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवून क्रॉन पुन्हा सुरू करावा.

हे सगळं बसवल्यावर एक चाचणी मी प्रत्येकाला आवर्जून करायला सांगते. एखाद्या रात्री क्रॉनच्या ओळीपुढे मुद्दाम `#` लावून ती बंद ठेवायची आणि ठरलेल्या वेळी इशारा कुणाच्या फोनवर जातो ते पाहायचं. पुष्कळदा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जातो, नाहीतर कुणीच न उघडणाऱ्या ग्रुपवर. इशारा दोन माणसांकडे जावा, आणि दोघांना त्या नोंदींची फाइल उघडता यावी. मग महिन्यातून एकदा, ताजी प्रत वेगळ्या सर्व्हरवर उलगडून बघावी आणि खात्यांची संख्या व सर्वांत अलीकडच्या व्यवहाराची तारीख चालू डेटाबेसशी ताडून पाहावी. हे कामसुद्धा वेळापत्रकावर लावता येतं. त्यालाही कुलूप, नोंद आणि हजेरी द्यायची.