बदाम सात, 28 पानांत

ज्या घरात पत्त्यांचा कॅट आहे, त्या घरात आजी-आजोबांचा खेळ वेगळा विकत आणावा लागत नाही. बदाम सात पुरतो. या खेळात घाई नाही, झडप नाही. समोरच्याने काय टाकलं ते लक्षातही ठेवावं लागत नाही, कारण सगळी पानं उघडी मांडलेली असतात. ज्याच्याकडे बदाम सत्ती, तो सुरुवात करतो. मग प्रत्येक रंगाची सत्ती मधोमध येते आणि तिच्या एका बाजूला छक्की, पंजी, तर दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी लागत जाते. पान लागत नसेल तर पास.

तरीही पुष्कळ आजी दोन डावांनंतर हात आखडता घेतात. ‘आता नको रे, डोळे दुखतात’ असं म्हणतात आणि घरचे ते ऐकून पत्ते उचलून ठेवतात. खरी अडचण खेळात नसतेच. ती असते हातातल्या 13 पानांत. संधिवाताच्या बोटांना 13 पानांचा पंखा धरवत नाही. धरला तरी पानाच्या कोपऱ्यातला बारीक आकडा दिसत नाही.

उपाय सोपा आहे. कॅटमधून एक्का, दुर्री, तिर्री आणि गुलाम, राणी, राजा बाजूला काढायचे. उरतात चव्वीपासून दश्शीपर्यंतची पानं: चार रंगांची मिळून 28. चौघांत वाटली की प्रत्येकी सात. सत्ती अगदी मध्यावर येते, खाली तीन पानं, वर तीन पानं. डाव लवकर संपतो, पण त्यातली खोडी जशीच्या तशी राहते. समजा, आजीच्या हातात किलवर छक्की आहे आणि बदाम अठ्ठीही लागते आहे. आजी बदाम अठ्ठी टाकते आणि छक्की दाबून ठेवते. ज्याच्या हातात किलवरची पंजी-चव्वी अडकली आहे, तो नातू चरफडत बसतो. हळू चालणाऱ्या हाताने हा डावपेच तितकाच चांगला खेळता येतो.

आता डोळ्यांचं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट, गढूळ होतं. त्यामुळे नातवाला पुरेसा वाटणारा दिवा आजोबांना अपुरा पडतो. दिवा डोक्यावर नको, खांद्यामागून पानांवर पडेल असा हवा. चकचकीत पानांवर तिरीप आली की आकडा पुसल्यासारखा होतो. मेजावर गडद, बिनफुलांचं जाडसर कापड अंथरावं. पांढरी पानं त्यावर उठून दिसतात. शिवाय गुळगुळीत काचेवरून पान नखाने उचलावं लागतं, तो त्रास कापडावर होत नाही.

मोठ्या आकड्यांचे कॅट बाजारात मिळतात, ते घ्यावेत. चार रंगांचे कॅटही मिळतात: इस्पिक काळं, बदाम लाल, किलवर हिरवं, चौकट निळं. बदाम सातला ते सोयीचे, पण घेण्याआधी संध्याकाळच्या उजेडात पाहावं. पिवळट झालेल्या भिंगातून गडद निळा आणि काळा एकसारखेच दिसू शकतात. मग चौकट आणि इस्पिक यांचा घोळ होतो आणि पैसे वाया जातात.

एक नियम मात्र घरात सक्तीचा करावा: पान टाकताना नाव मोठ्याने घ्यायचं. ‘इस्पिक नव्वी!’ ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येतं, आणि कोणी मुद्दाम त्याच्यासाठी सांगतंय असंही वाटत नाही.

जोडीला कोणी नसेल तेव्हा टॅबलेटवरचं सॉलिटेअर बरं. त्यात एका वेळी तीनऐवजी एकच पान उघडण्याचा पर्याय निवडावा, घड्याळ आणि गुण बंद करावेत. पान ओढत न्यायला थरथरत्या बोटाला जमत नाही, म्हणून नुसतं टेकवल्यावर पान जागी जाणारं ॲप शोधावं. मध्येच उपटणाऱ्या जाहिरातींवरची बारीक फुली कमजोर डोळ्यांना सापडत नाही आणि भलतंच काही दाबलं जातं. खेळ इंटरनेटशिवाय चालत असेल तर विमान मोड लावून द्यावा. चार रंगांची पानं इथे मात्र नकोत, कारण सॉलिटेअर चालतं ते लाल-काळ्याच्या आलटापालटीवर.

खेळताना आजी-आजोबांकडे थोडं लक्ष असावं. छक्की-नव्वीत गोंधळ, पान दिव्याकडे तिरपं धरणं, हातात पान असूनही ‘पास’ म्हणणं, अशा वेळी आधी उजेड आणि मोठी पानं यांचा प्रयोग करावा. पण पानाच्या मधोमध डाग दिसतो, कडा वाकड्या दिसतात असं कोणी म्हणालं, तर पत्ते बदलत बसू नका. ती पडद्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात. नेत्रतज्ज्ञाकडे लगेच न्या.